ऑफर हातात, मुलाखत बाकी: मुदत कशी मागावी

मंडळी, आज मी एका आठवड्याबद्दल बोलणार आहे. नोव्हेंबरातला आठवडा, गुरुवार ते बुधवार. दिवाळी होऊन गेली होती. आमच्या सोसायटीतली एक मुलगी, चार वर्षांचा अनुभव असलेली डिझाइन इंजिनिअर, रात्री साडेनऊला दार वाजवून आत आली आणि म्हणाली, "काकू, ऑफर आलीय. पण शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय, आणि माझी दुसरीकडची शेवटची मुलाखत बुधवारी आहे. आता काय करू?"

मी बावीस वर्षं नोकरभरतीचं काम केलं. आधी एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात आणि नंतर कन्सल्टन्सीत. त्यामुळे हा प्रश्न मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. मुदत मागणारा माणूस घाबरलेला असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. मुदत देणारा माणूसही घाबरलेला असतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याची भीती कशाची आहे हे कळलं की काय मागायचं आणि कसं मागायचं हे आपोआप सुचतं. म्हणून आधी तिकडची बाजू सांगते.

आपल्याकडे, विशेषतः पुण्यात, साठ दिवसांचा नाहीतर नव्वद दिवसांचा नोटिस पिरियड सर्रास असतो. म्हणजे उमेदवार आज 'हो' म्हणाला तरी प्रत्यक्ष येणार दोन-तीन महिन्यांनी. मधल्या काळात तो ते ऑफर लेटर घेऊन आणखी चार ठिकाणी फिरतो, प्रत्येक ठिकाणी आकडा वाढवून घेतो आणि शेवटी भलतीकडेच रुजू होतो. भरती करणाऱ्याचं मोजमाप किती ऑफर दिल्या यावर होत नाही, किती जण खरोखर रुजू झाले यावर होतं. म्हणून कोणी "मला जरा वेळ हवा" म्हटलं की आमच्या मनात पहिला विचार हाच येतो, की हा आमचं पत्र घेऊन बाजारात निघाला. तुम्ही तसे नसाल. पण तुमच्या वाक्यात तो आणि तुम्ही यांत फरक दिसला नाही, तर समोरच्याने तो कुठून ओळखायचा?

मी स्वतः यात एक मोठी चूक केली आहे. कारखान्यात असताना क्वालिटी विभागासाठी एक जण निवडला. त्याने चार दिवस मागितले. मी म्हटलं, "उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर दुसऱ्याला देते." त्याने दुसऱ्या दिवशी दुपारीच होकार पाठवला आणि मी खूश झाले. रुजू होण्याच्या दिवशी त्याचा गेटपास तयार होता, त्याच्या मापाचे सेफ्टी शूज आणून ठेवले होते, आणि त्याचा फोन बंद होता. आमच्या यादीतला दुसरा उमेदवार तोपर्यंत दुसरीकडे लागला होता. मग नवीन शोध, नवीन माणूस, पुन्हा त्याचे नव्वद दिवस. त्या लाइनवर दोन पोरांनी जवळजवळ पाच महिने जादा काम केलं. मी त्याला चार दिवस दिले असते तर तो कदाचित 'नाही' म्हणाला असता, आणि ते 'नाही' मला वेळेवर कळलं असतं. तेव्हापासून मी मुदत मागणाऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. मला त्याचा होकार हवा असतोच, पण त्याहून जास्त त्याचं खरं उत्तर हवं असतं.

आता त्या मुलीच्या आठवड्याकडे येऊ.

तारखा नीट ध्यानात ठेवा, कारण सगळं त्यांच्यावरच आहे. गुरुवार, ६ नोव्हेंबरला संध्याकाळी चाकणच्या एका कंपनीकडून मेल आला. शनिवार, ८ पर्यंत कळवा. रुजू होण्याची तारीख सोमवार, १२ जानेवारी. दुसरी कंपनी हिंजवडीतली. तिथल्या दोन फेऱ्या झालेल्या, तिसरी म्हणजे विभागप्रमुखांबरोबरची शेवटची फेरी, बुधवार, १२ नोव्हेंबरला दुपारी चारला. तिचा सध्याच्या नोकरीतला नोटिस पिरियड साठ दिवसांचा.

मी तिला पहिलं विचारलं ते हे, की तुला आलंय काय? तिने फोन पुढे केला. मेलमध्ये वर्षाचा एकूण आकडा होता, पद होतं, तारीख होती आणि "अभिनंदन" होतं. पगाराची फोड नव्हती. हे फार वेळा घडतं आणि लोक लक्षच देत नाहीत. एकूण आकडा म्हणजे सीटीसी. त्यात कंपनी भरते तो भविष्य निर्वाह निधीचा वाटा असतो, बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीची तरतूद असते, जी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के धरतात, आणि कामगिरीवर मिळणारी रक्कमही असते, जी मिळेल किंवा न मिळेल. हे वजा केल्याशिवाय दर महिन्याला खात्यात काय जमा होणार ते कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय निर्णय कसा घेणार? तेव्हा पहिली मागणी वेळेची नव्हतीच, कागदाची होती: पगाराची फोड, नोटिस पिरियड किती, बॉण्ड आहे का, जॉइनिंग बोनस असेल तर तो किती महिन्यांत सोडल्यास परत करायचा. तिने गुरुवारी रात्रीच दोन ओळींचा मेल टाकला, की आभारी आहे आणि हा तपशील मिळाला तर मला नीट विचार करता येईल. ही सबब नव्हे. लेखी अटी हातात पडल्यावरच मुदत सुरू व्हावी, ही अपेक्षा रास्त आहे, आणि बहुतेक मनुष्यबळवाले ती मानतात.

दुसरं मी विचारलं, शनिवारी त्यांचं ऑफिस चालू असतं का? कारखाना चालू असतो, पण भरती विभागाला सुट्टी. म्हणजे शनिवारची मुदत ही खरं तर शुक्रवार संध्याकाळची मुदत. शनिवारी सकाळी तुम्ही कळवळून मेल लिहाल आणि तो सोमवारी वाचला जाईल. तोवर पोर्टलवरची लिंक बंदही झालेली असेल. तिच्याकडे कामाचा एकच दिवस होता, शुक्रवार.

आणि तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ही मुदत कशामुळे आहे? मुदतीमागची कारणं सहसा तीन असतात. एक म्हणजे नुसती सिस्टिममधली तारीख: ऑफर तयार करताना "वैधता अमुक दिवस" असा रकाना भरावा लागतो आणि कोणीतरी दोन दिवस भरून ठेवलेले असतात. ही तारीख एका क्लिकने बदलते. दुसरं म्हणजे रांगेतला उमेदवार. पहिला नाही म्हणाला तर दुसऱ्याला विचारायचंय आणि तो फार दिवस थांबणार नाही. इथे तीन-चार दिवस मिळतात, पंधरा नाहीत. तिसरं म्हणजे कामाचीच निकड. ग्राहकाकडे अमुक तारखेला माणूस हजर हवा, किंवा ३१ मार्चला जागेची मंजुरीच संपते. ही मुदत खरी असते, ती ताणायला जाऊ नये.

कुठली आहे हे ओळखायचं कसं? रुजू होण्याची तारीख बघा. माणूस दोन महिन्यांनी हवा आणि उत्तर दोन दिवसांत हवं, तर ही घाई कामाची नसते, ती मघाशी सांगितलेल्या भीतीची असते. उलट पंधरा दिवसांत रुजू व्हा म्हणत असतील आणि उत्तर दोन दिवसांत मागत असतील, तर तिथे खरंच काहीतरी अडलंय. तरीही शंका असेल तर सरळ विचारावं, "शनिवारनंतर तुमच्याकडे काय अडतं?" हा प्रश्न आवाज न चढवता विचारला तर लोक खरं उत्तर देतात, हा माझा अनुभव आहे.

मग आम्ही कॅलेंडर काढलं. ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे, कारण इथे भीती कमी होते आणि बोटांवर मोजणं सुरू होतं. तिने सोमवारी, १० नोव्हेंबरला राजीनामा दिला तर दुसऱ्या दिवसापासून साठ दिवस मोजून शेवटचा दिवस येतो शुक्रवार, ९ जानेवारी. सोमवारी १२ ला नव्या ठिकाणी. कंपनीने बहुधा असाच हिशेब करून तारीख घातली होती. आता राजीनामा बुधवारी, १२ नोव्हेंबरला गेला तर? साठावा दिवस येतो ११ जानेवारी, रविवार. म्हणजे सोमवारी १२ ला ती तरीही हजर राहू शकते! बुधवारपर्यंत थांबण्याची त्या कंपनीला दमडीचीही किंमत पडत नव्हती. आणि शुक्रवारी, १४ ला राजीनामा दिला तर साठावा दिवस १३ जानेवारी, मंगळवार. तिचं ऑफिस पाच दिवसांच्या आठवड्याचं, म्हणजे कमी पडतात फक्त दोन कामाचे दिवस, सोमवार आणि मंगळवार. ते शिल्लक रजेत वळते करून घेता येतात का, किंवा दोन दिवसांचे पैसे भरून सुटता येतं का, हे तिने आपल्या नेमणूकपत्रात पाहिलं. दोन्ही मार्ग होते.

यातून तिला मागणीचं सगळ्यात मजबूत वाक्य मिळालं: उत्तराला काही दिवस द्या, पण रुजू होण्याची तारीख मी हलवणार नाही. समोरच्याची खरी काळजी रुजू होण्याची असते. ती तारीख जागच्या जागी राहतेय हे तुम्ही हिशेबाने दाखवलंत, की मागणी निम्म्याने हलकी होते. दरवर्षी मला अशी मुलं भेटतात जी "थोडा वेळ मिळेल का" असं मोघम विचारतात. थोडा म्हणजे किती, ते समोरच्याने ठरवायचं. आणि समोरचा त्याच्या भीतीच्या मापाने ठरवतो.

आता कोणाशी आधी बोलायचं? बहुतेक जण आधी ऑफर देणाऱ्याकडे धावतात. माझ्या मते आधी दुसऱ्या कंपनीकडे जावं, कारण किती मुदत मागायची हे तिकडचं वेळापत्रक कळल्याशिवाय ठरवताच येत नाही. शुक्रवारी सकाळी पावणेदहाला तिने हिंजवडीच्या भरती अधिकारी बाईंना फोन केला आणि लगेच मेल टाकला. आशय असा होता: "माझ्याकडे एक लेखी ऑफर आहे आणि तिला लवकरच उत्तर द्यायचंय. तुमच्याकडच्या कामात मला खरोखर रस आहे. बुधवारची मुलाखत आधी घेता येईल का? आणि मुलाखतीनंतर निर्णय कळायला साधारण किती दिवस लागतात, ते सांगाल का?" धमकी नाही, समोरच्या कंपनीचं नाव नाही, पगाराचा आकडा नाही. त्यांनी आकडा विचारला तर? विचारतात. तेव्हा तो सांगायचा की नाही हा तुमचा प्रश्न, पण सांगितलात तर खराच सांगा. पुढे कागद मागतात.

त्या बाई म्हणाल्या, प्रयत्न करते, पण विभागप्रमुख दौऱ्यावर आहेत, दुपारपर्यंत कळवते. इथे एक गोष्ट सांगून ठेवते. शेवटची मुलाखत झाली म्हणजे ऑफर आली असं नसतं. मुलाखत घेणाऱ्याचा अभिप्राय, मग मनुष्यबळ विभागाशी पगाराची बोलणी, मग आकड्याला वरून मंजुरी आणि मग पत्र. मोठ्या कंपनीत यात आठवडा सहज जातो, दोनही जातात. तेव्हा "दुसरीकडचं पत्र हातात पडेपर्यंत" मुदत मागणं बहुधा अशक्य असतं. तिने मुलाखत होऊन तोंडी का होईना पण स्पष्ट चित्र कळेपर्यंतची मुदत मागायची असं ठरवलं. बुधवारी मुलाखत, गुरुवारी अभिप्राय, शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर.

सकाळी साडेअकराला तिने चाकणच्या कंपनीला फोन केला. फोनच आधी, मेल नंतर. कारण ज्याच्याशी बोलायचंय तो मुदत स्वतः वाढवत नसतो, त्याला विभागाच्या मॅनेजरला विचारावं लागतं, आणि त्यासाठी त्याच्या मनात तुमच्याबद्दल थोडा विश्वास तयार व्हावा लागतो. तो आवाजाने होतो. मॅनेजरचा नंबर आपल्याकडे असला तरी त्याला परस्पर फोन करू नये. भरती करणाऱ्याला वळसा घातला की तो दुखावतो आणि पुढची तीन वर्षं आपल्या रजेचे, पगाराचे कागद त्याच्याच विभागातून जाणार असतात.

आदल्या रात्री ती माझ्यासमोर बसून काय बोलायचं ते म्हणून बघत होती. पहिल्या खेपेला ती म्हणाली, "सर, घरी जरा अडचण आहे, बाबांची तब्येत…" मी तिथेच थांबवलं. बाबा ठणठणीत होते. ती म्हणाली, सगळे असंच सांगतात. सांगतात खरे. मग सोमवारी त्या सरांचा फोन येतो, "बाबा कसे आहेत?" आणि त्या खोट्याला दुसरं खोटं जोडावं लागतं. शिवाय ज्याने हजार जणांच्या मुलाखतींची व्यवस्था केली आहे त्याला हे कारण पाठ असतं. माझं स्पष्ट मत आहे: खरं सांगावं, पण सगळं सांगायची गरज नाही. दुसरीकडे मुलाखत चालू असणं हा गुन्हा नाही. नोकरी बदलणारा माणूस एकाच दारावर उभा नसतो, हे त्यांनाही ठाऊक आहे.

फोननंतर तिने पाठवलेला मेल इंग्रजीत होता, त्याचा आशय मराठीत सांगते:

"आपण दिलेल्या संधीबद्दल मनापासून आभार. पद आणि काम मला आवडलं आहे. आपली मुदत ८ नोव्हेंबरपर्यंत आहे. माझी एका ठिकाणची निवडप्रक्रिया शेवटच्या टप्प्यात आहे आणि ती बुधवारी पूर्ण होते. दोन्हींचा विचार करूनच मी आपल्याला पक्कं उत्तर देऊ इच्छिते, म्हणजे एकदा होकार दिल्यावर त्यात बदल होणार नाही. त्यासाठी शुक्रवार, १४ नोव्हेंबर, दुपारी १२ पर्यंत मुदत मिळावी ही विनंती. रुजू होण्याची १२ जानेवारी ही तारीख बदलणार नाही. नोटिस पिरियडमध्ये कमी पडणारे दोन दिवस मी शिल्लक रजेतून जुळवून घेईन. हे शक्य नसेल तर कोणत्या तारखेपर्यंत शक्य आहे, ते कृपया कळवावं."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. त्याशिवाय मेल "हो किंवा नाही" एवढ्यावर थांबतो, आणि घाईतला माणूस "नाही" लिहून मोकळा होतो. मधली तारीख सुचवायची वाट ठेवली की तो मोजायला बसतो.

यात पगाराचा उल्लेख नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पगारावर बोलायचं असेल तर ते मुदत मागायच्या आधी किंवा फार तर त्याच फोनवर बोलून टाकावं. आधी वेळ मागायचा, मग त्या वेळेच्या शेवटी "तिकडे दीड लाख जास्त देतायत" असं म्हणायचं, हे केलंत की तुम्ही तोच बाजारात फिरणारा उमेदवार ठरता, ज्याच्या भीतीने त्यांनी दोन दिवसांची मुदत घातली होती. यात कायद्याचीही एक बाजू आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ७ प्रमाणे स्वीकार बिनशर्त असावा लागतो. "अमुक वाढवून दिलंत तर येते" हा स्वीकार नसतो, तो तुमच्याकडून गेलेला नवा प्रस्ताव ठरू शकतो, आणि मग मूळ ऑफर अजून उभी आहे असं म्हणता येत नाही. नुसती वेळेची विनंती मात्र नकार ठरत नाही, म्हणून ती विनंतीच्याच भाषेत ठेवावी. त्याच कायद्याचं कलम ५ सांगतं की तुमचा स्वीकार तुमच्या हातून रवाना होईपर्यंत प्रस्ताव देणारा आपला प्रस्ताव मागे घेऊ शकतो, आणि कलम ६ प्रमाणे दिलेली वेळ उलटली की प्रस्ताव आपोआप संपतो. म्हणजे गप्प बसणं हा सगळ्यात वाईट पर्याय. आणि मुदतवाढ मेलवर मिळाली तरी ती दगडावरची रेघ नसते. त्या काळात कंपनीने ऑफर मागे घेतली तर भांडायला फारसा आधार नसतो. सांगते ते घाबरवायला नाही. निव्वळ मुदत मागितली म्हणून ऑफर काढून घेतल्याचं माझ्या बावीस वर्षांत मी क्वचितच पाहिलं, आणि ज्या ठिकाणी पाहिलं तिथे दुसरा उमेदवार दारात उभा होता.

ऑफर जर कन्सल्टंटमार्फत आली असेल तर आणखी एक गोष्ट समजून घ्या. त्याची फी बहुधा तुमच्या वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी असते, आणि ती तुम्ही रुजू झाल्यावरच त्याला मिळते. तो जेव्हा म्हणतो, "आत्ता स्वीकारा हो, नंतर बघू," तेव्हा हे लक्षात असू द्या. मी त्या खुर्चीत बसले आहे. तो वाईट माणूस नसतो, पण त्याचा आणि तुमचा हिशेब एक नसतो. त्याला विनंती करा की तुमचा मेल शब्दशः पुढे पाठवावा. त्याने "उमेदवार विचार करतोय" एवढंच कळवलं तर तुमचा सगळा हिशेब वाटेतच गळून पडेल.

कॉलेजच्या कॅम्पस भरतीला हे सगळं तसंच लागू नाही. तिथे बऱ्याच कॉलेजांत एक ऑफर मिळाली की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही, आणि बोलणं प्लेसमेंट ऑफिसमार्फतच करायचं असतं. तो वेगळा विषय आहे.

परत त्या शुक्रवारकडे. साडेतीनला चाकणहून उत्तर आलं. पगाराची फोड जोडलेली होती आणि लिहिलं होतं, की मॅनेजरशी बोललो, बुधवार, १२ तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत थांबू शकतो, त्यापुढे नाही. आमच्या कॅलेंडरमधला बुधवार आठवा. त्यांनीही मोजलं होतं! तिने दहा मिनिटांत उत्तर दिलं, की मान्य आहे, बुधवारी ५ च्या आत कळवते. परत मागणी नाही. मुदत एकदाच मागायची असते. दुसऱ्यांदा मागितली की पहिल्या वेळचं सगळं बोलणं संशयास्पद ठरतं.

पण अडचण उभीच होती. मुलाखत बुधवारी चारला, उत्तर पाचला. तिने लगेच हिंजवडीला कळवलं, आता पक्की तारीख घालून: बुधवार, पाच. आणि इथे तो फरक दिसला. सकाळी "लवकरच" म्हटलं होतं तेव्हा प्रयत्न चालू होते. आता त्या बाईंकडे विभागप्रमुखांपुढे ठेवायला तारीख होती. तासाभरात मुलाखत सोमवारी, १० ला सकाळी अकरावर आली, व्हिडिओ कॉलवर.

सोमवारची मुलाखत चांगली झाली. मंगळवारी तिने फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या, "अभिप्राय खूप पॉझिटिव्ह आहे. तुम्ही काळजी करू नका." ती आनंदात माझ्याकडे आली. मी म्हटलं, "अगं, हे उत्तर नाही. तू त्यांना दोन गोष्टी विचार. निवड झाली आहे आणि सही बाकी आहे, की अजून कोणाच्या मुलाखती व्हायच्या आहेत? आणि पत्र कधी?" या दोन प्रश्नांतून सगळं कळतं. सही बाकी असेल तर समोरचा माणूस तारीख सांगतो. तुलना बाकी असेल तर तो कौतुक करतो. तिने विचारलं. आणखी दोन उमेदवार बघायचे होते, आणि जागेची मंजुरी पुढच्या आठवड्यातल्या बैठकीत. पत्र निघायला किमान दहा दिवस.

त्या रात्री ती बराच वेळ बसली होती. हिंजवडीचं काम तिला जास्त आवडलं होतं, घरापासून जवळही होतं. ती म्हणाली, "काकू, आत्ता होकार देते आणि तिकडचं आलं तर इकडे नाही म्हणते. सगळे तेच करतात." मी तिला थोपवलं नाही, फक्त तिचाच मेल उघडून दाखवला: एकदा होकार दिल्यावर त्यात बदल होणार नाही. होकार देऊन रुजू न झालेल्या माणसाला कंपनी सहसा कोर्टात खेचत नाही, हे मला माहीत आहे. पण त्या कंपनीच्या नोंदीत तसा शेरा राहतो, आणि चाकण, तळेगाव, रांजणगावच्या पट्ट्यातले भरतीवाले एका कंपनीतून दुसरीत जात असतात, आठवणी घेऊन. त्याहून मोठं कारण माझ्या मनात तो बंद फोन आणि कपाटातले सेफ्टी शूज होतं. ते मी तिला सांगितलं.

मग आम्ही प्रश्न वेगळ्या पद्धतीने मांडला. तिच्यासमोर चाकण आणि हिंजवडी असे दोन पर्याय नव्हतेच. हिंजवडीची नोकरी अजून अस्तित्वातच नव्हती. पर्याय होते चाकण किंवा सध्याची नोकरी, आणि सध्याच्या नोकरीत राहायचं तर हिंजवडीची वाट बघता येईल एवढंच. म्हणजे प्रश्न असा: हिंजवडीचं काहीच झालं नाही, तर आहे तिथे आणखी वर्षभर राहायला मी तयार आहे का? ज्याला मुदत नाकारली जाते त्यालाही हाच प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. काहींचं उत्तर "हो, तयार आहे" असं असतं आणि त्यांनी खुशाल ऑफर सोडावी. तिचं उत्तर होतं, नाही. तिथे दोन वर्षं तिला नवं काही शिकायला मिळालं नव्हतं. पगाराच्या फोडीवर पेन्सिलीने तिने हातात येणारी रक्कम काढली. सध्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त भरत होती, आणि बॉण्ड नव्हता.

बुधवारी दुपारी साडेबाराला, मुदतीच्या साडेचार तास आधी, तिने चाकणला होकार पाठवला. बिनशर्त, दोन ओळींचा. पोचपावतीचा मेल आला, मग तिने सध्याच्या ऑफिसात राजीनामा दिला. हा क्रम उलटा कधीच करू नका. आधी होकार, त्याची पोच, आणि मगच राजीनामा. आणि दुपारी तीनला तिने हिंजवडीच्या बाईंना फोन केला, की मी दुसरी ऑफर स्वीकारली आहे, माझं नाव प्रक्रियेतून काढा, मुलाखत आधी घेतल्याबद्दल सरांनाही माझे आभार सांगा. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मी उद्याच्या यादीत दुसऱ्या कोणाला तरी घेते."

साठावा दिवस रविवारी पडला. शुक्रवारी तिने लॅपटॉप आणि ओळखपत्र परत केलं, रिलीव्हिंग लेटर घेतलं, आणि सोमवारी सकाळी सव्वासातच्या कंपनीच्या बसमध्ये बसून मला मेसेज केला, की काकू, शूज सहा नंबरचे मिळाले, नीट बसतायत.